पद होल्डवर गेलं हे उमेदवाराला कसं सांगायचं: बजेट थांबल्याच्या दुपारपासूनचा क्रम

दुपारी साडेतीनला फायनान्सचा मेल येतो, ‘पुढील सूचनेपर्यंत नवीन भरती थांबवावी.’ अशा वेळी आपल्यापैकी बहुतेक रिक्रूटरांचा हात आधी कुठे जातो? फोन सायलेंट करायला. मग आठवडाभर उमेदवाराचे मिस्ड कॉल, ‘मीटिंगमध्ये आहे, कळवते’ असे मेसेज, आणि शेवटी एक दिवस तो थेट गेटवर येऊन उभा राहतो.

मी जळगाव एमआयडीसीत भरतीचं काम करते. हे सगळं मीही केलेलं आहे. नोकरीच्या सुरुवातीला एका कंपनीत असताना मी एका मुलाला ‘आठ-पंधरा दिवसांत होईल, काळजी करू नका’ असं सांगितलं होतं. माझ्या त्या एका वाक्यावर त्याने राजीनामा दिला आणि पुण्यातली खोलीही सोडली. ते पद नंतर कधीच उघडलं नाही. त्यानंतर मी माझ्यासाठी एक क्रम ठरवून घेतला, तो खाली देते. समजायला सोपं जावं म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत चालवते.

उदाहरण असं. पाइप बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी इंजिनिअरचं पद. उमेदवार मूळ अमळनेरचा, चाकणला एका ऑटो पार्ट्सच्या युनिटमध्ये सहा वर्षं. वडील एकटे पडलेत, म्हणून गावाजवळ यायचं आहे. मंगळवारी शेवटची फेरी झाली आणि पगाराचा आकडा फोनवर ठरला, पण ऑफर लेटर निघायचं आहे. नोटीस ६० दिवसांची. तो म्हणालाय, ‘मॅडम, सोमवारी १२ तारखेला राजीनामा टाकतो.’ आणि गुरुवारी, ८ जानेवारीला, भरती थांबल्याचा मेल येतो.

## १. फोन उचलण्याआधी मेलचा अर्थ लावा

घाईने फोन केला तर त्याच्या पहिल्याच प्रश्नाला तुमच्याकडे उत्तर नसतं. त्यामुळे आधी अर्धा तास फायनान्स आणि विभागप्रमुख या दोघांशी बोलायचं. मला चार गोष्टी हव्या असतात.

पहिली गोष्ट, पद नवीन आहे की कोणी सोडून गेल्यामुळे रिकामं झालेलं? भरती थांबते तेव्हा आधी बहुतेक नवीन पदांवर कुऱ्हाड पडते. रिकाम्या जागा भरायला वरिष्ठांच्या खास मंजुरीने वाट निघू शकते. मेलमध्ये हे स्पष्ट नसतं, विचारावं लागतं.

दुसरी, हे पद कशाला बांधलेलं आहे? हा प्रश्न कोणी विचारत नाही आणि सगळा घोळ इथेच होतो. आमच्या उदाहरणातलं पद नव्या एक्सट्रूजन लाइनसाठी होतं. विभागप्रमुखांना खोदून विचारल्यावर कळलं की त्या लाइनच्या मशिनची ऑर्डरच पुढे ढकलली आहे. म्हणजे भरतीवरची बंदी उठली तरी मशिन येऊन बसेपर्यंत या माणसाला काम नाही. ‘एप्रिलमध्ये बजेट उघडेल’ हे वाक्य खरं असूनही त्याच्यासाठी फसवं ठरलं असतं.

तिसरी, फेरविचार कधी? आमच्याकडे उत्तर आलं, एप्रिलचा पहिला आठवडा, नवीन आर्थिक वर्षाचं बजेट लागल्यावर.

चौथी, बंदीतून सूट मागायची सोय आहे का, आणि ती कोण देतं? हे उत्तर दुसऱ्या टप्प्यात लागणार आहे.

सावधान: फेरविचाराची तारीख म्हणजे पद उघडण्याची तारीख नव्हे, आणि जॉइनिंगची तर मुळीच नव्हे. एप्रिलमध्ये होकार आला तरी मंजुरी, ऑफर लेटर, कागदपत्रं यांत पुढचे दोन-तीन आठवडे जातात.

हे गणित उमेदवाराच्या बाजूने मांडून बघा. १२ जानेवारीला राजीनामा दिला तर ६० दिवसांची नोटीस १३ मार्चला संपते. सगळं सुरळीत झालं तरी आपल्याकडचं जॉइनिंग एप्रिलअखेर. म्हणजे कमीत कमी दीड महिना बिनपगारी, तेही पद उघडलंच तर. हा हिशोब कागदावर लिहून समोर ठेवा. फोनवर ‘बघू, होईल काहीतरी’ असं तोंडातून निघायला लागलं की तोच आवर घालतो.

## २. कोणाला आधी सांगायचं ते ठरवा

एका पदामागे आठ-दहा जण वेगवेगळ्या टप्प्यांवर अडकलेले असतात. आपण सवयीने सोप्या माणसापासून सुरुवात करतो, ज्याची अजून पहिलीच फेरी आहे त्याच्यापासून. क्रम उलटा हवा. ज्याचं नुकसान सर्वांत लवकर होणार, त्याला सर्वांत आधी फोन.

राजीनामा दिलेला माणूस पहिला. देणार आहे तो दुसरा, आणि तारीख माहीत असेल तर त्याच दिवशी. त्यानंतर शेवटची फेरी झालेले. मग ज्यांच्या मुलाखती ठरल्या आहेत ते, कारण कोणीतरी शहाद्याहून किंवा नवापूरहून रजा टाकून, एसटी धरून येणार असतो. नुसता अर्ज केलेल्यांना मेल पुरतो.

ज्याला ऑफर लेटर गेलंय आणि त्याने सही करून स्वीकारलंय, तो या यादीत येतच नाही. तिथे ‘होल्ड’ हा शब्द वापरू नका. भारतीय करार कायदा, १८७२ प्रमाणे स्वीकार कळवून पूर्ण होईपर्यंतच प्रस्ताव मागे घेता येतो. त्यानंतर तो नुसता प्रस्ताव राहत नाही. अशी केस एचआर प्रमुख आणि कंपनीचे वकील यांच्याकडे त्याच दिवशी गेली पाहिजे, आणि उमेदवाराला काय सांगायचं ते तिथून लेखी आलं पाहिजे. रिक्रूटरने स्वतःच्या अंगावर घेऊन गोड शब्दांत निभावण्याची ही जागा नाही.

राजीनामा दिलेल्यासाठी फोनच्या आधी एक काम करायचं, सूट मागायची. दोन ओळींचा मेल: ‘या उमेदवाराने आपल्या तोंडी होकारावर अमुक तारखेला राजीनामा दिला आहे. याच पदावर किंवा दुसऱ्या मंजूर पदावर घेता येईल का, कृपया आज सायंकाळपर्यंत कळवावे.’ उत्तर बहुधा नाहीच असतं. तरी मागायचं, म्हणजे फोनवर ‘मी विचारलं’ हे खरं बोलता येतं. पण त्या उत्तरासाठी फोन दोन-तीन दिवस अडवून ठेवू नका. सायंकाळपर्यंत आलं तर ठीक, नाहीतर तेवढंच सांगायचं.

तपासा: ओळखीतून आलेला उमेदवार आहे का? आपल्याकडे कारखान्यात कोणाचा ना कोणाचा मेहुणा, शालक, गाववाला असतोच. ज्याने नाव सुचवलं त्याला आधी सांगितलं तर बातमी पाच वाजता गोलाणी मार्केटच्या चहावर आणि सहाला अमळनेरला पोचते. उमेदवाराला ती काकांकडून कळू नये. सुचवणाऱ्याला त्याच संध्याकाळी सांगा, पण उमेदवाराच्या फोननंतर.

## ३. एक वाक्य मंजूर करून घ्या

खरं बोलायचं म्हणजे सगळं बोलायचं असं नाही. ठिबकच्या अनुदानाची बिलं अडकली आहेत की रेझिनच्या भावाने गणित बिघडलंय, कोणत्या विभागाची कपात होणार आहे, हे सांगायचा अधिकार तुमचा नाही, आणि उमेदवाराला त्याचा उपयोगही नाही. त्याला उपयोगाचं एवढंच: पद थांबलंय, कारण पैशाचं आहे, त्याच्यामुळे नाही, आणि कधीपर्यंत याची खात्री नाही.

मी एचआर प्रमुखांकडून असं वाक्य मेलवर मंजूर करून घेते: ‘कंपनीने खर्चाच्या कारणाने नवीन पदांची भरती थांबवली आहे. त्यात हे पदही आहे. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात यावर फेरविचार होईल, परंतु पद पुन्हा उघडेलच असे आज सांगता येत नाही.’

वरिष्ठ बहुतेक वेळा शेवटचा तुकडा कापायला सांगतात. ‘कशाला नकारात्मक? उमेदवार हातचा जाईल.’ इथे अडून राहा. तो तुकडा गेला की उरलेल्या वाक्याचा अर्थ उमेदवार ‘एप्रिलमध्ये नक्की’ असाच काढतो, आणि त्याची चूक नसते.

## ४. फोन

वेळ आधी पाहा. चाकणला जनरल शिफ्ट सुटून तो कंपनीच्या बसमधून खोलीवर पोचायला साडेसहा-सात होतात. दुपारी चारला फोन केला तर तो शॉपफ्लोअरवर, कदाचित त्याच्या साहेबाच्या शेजारी उभा असेल. नोकरी शोधतोय हे तिथे कोणाला माहीत नाही. म्हणून आधी एक मेसेज: ‘आज संध्याकाळी सातनंतर दहा मिनिटं बोलता येईल का? जळगावच्या पदाबद्दल आहे. कृपया बोलणं होईपर्यंत राजीनामा देऊ नका.’ हे शेवटचं वाक्य मेसेजमध्ये हवंच. फोन चुकला, बॅटरी संपली तरी ते पोचलेलं असतं.

फोनवर पहिल्या अर्ध्या मिनिटात मूळ गोष्ट सांगा. आईवडिलांची चौकशी, हवापाणी, ‘तुमची मुलाखत फार छान झाली’ हे सगळं आधी लावलं की समोरचा ऑफरची बातमी ऐकायला कान लावून बसतो, आणि मग पडतो.

त्या दिवशीचं बोलणं साधारण असं झालं.

‘दादा, मोकळे आहात ना? बातमी चांगली नाही, म्हणून सरळ सांगते. आपलं पद आज होल्डवर गेलं. कंपनीने खर्चासाठी नवीन भरती थांबवली आहे. राजीनामा दिला नाही ना अजून?’

‘नाही मॅडम. सोमवारी देणार होतो.’

‘देऊ नका. माझ्याकडून लेखी ऑफर हातात आल्याशिवाय देऊ नका.’

मग तो गप्प झाला. इथे आपण ती शांतता भरायला धावतो आणि नको ते आश्वासन देऊन बसतो. थांबायचं. दहा-पंधरा सेकंदांनी तो स्वतःशीच पुटपुटला, ‘आते काय करू?’ आणि मग एकेक प्रश्न आले. हे प्रश्न जवळपास प्रत्येक फोनवर याच क्रमाने येतात, म्हणून उत्तरं आधी तयार ठेवा.

‘माझं काही चुकलं का?’ नाही. पण हे तेव्हाच म्हणा जेव्हा ते खरं असेल. काही जण मुलाखतीत नापास झालेल्यालाही ‘पद होल्डवर गेलं’ असं सांगतात, कारण ते सोपं पडतं. तो माणूस मग सहा महिने फोन करत राहतो. त्याला नकार म्हणूनच सांगा.

‘किती दिवस लागतील?’ मंजूर केलेलं वाक्य, आणि त्यासोबत मशिनची गोष्ट जेवढी सांगायला परवानगी आहे तेवढी. मी म्हणाले, ‘एप्रिलमध्ये फेरविचार आहे. पण हे पद एका नव्या कामाशी जोडलेलं आहे आणि ते कामही पुढे गेलंय. त्यामुळे एप्रिल धरून चालू नका.’ टक्के सांगू नका. ‘सत्तर टक्के होईल’ म्हटलं की ऐकणारा शंभर ऐकतो.

‘पगार थोडा कमी केला तर जमेल का?’ हा प्रश्न ऐकून जीव कळवळतो, आणि काही रिक्रूटर इथे सौदा सुरू करतात. करू नका. अडचण आकड्याची नसते, पदाची संख्याच थांबवलेली असते. त्याने पन्नास हजार कमी घेतले तरी ते पद कागदावर उघडत नाही. हे त्याला स्पष्ट सांगा, नाहीतर तो पुढच्या मुलाखतीतही स्वतःचा भाव पाडून जाईल.

‘दुसरीकडे बघू का?’ हो. ‘बघा’ एवढंच नाही, तर ‘दुसरीकडे चांगलं मिळालं तर घ्या, आमच्यासाठी थांबू नका.’ हे बोलताना जीभ अडखळते, कारण मेहनत करून आणलेला माणूस आपणच सोडत असतो. पण लेखी काही देता येत नसताना त्याला थांबवून ठेवायचा हक्क आपल्याला नाही.

राजीनामा आधीच दिला असेल तर बोलणं वेगळ्या वळणावर न्यावं लागतं. स्वीकारला गेलाय का, त्याच्या जागी कोणी घेतलाय का, हे विचारा. घेतला नसेल तर त्याने उद्या सकाळीच आपल्या साहेबाशी बोलून, राजीनामा मागे घेत असल्याचा मेल एचआरला करावा. निर्णय त्या कंपनीचा, पण दिवस जातील तशी ही वाट बंद होत जाते. म्हणूनच अशा माणसाला यादीत पहिला ठेवायचा.

तपासा: फोन ठेवण्याआधी त्याच्याच तोंडून ऐका. मी विचारते, ‘म्हणजे आता सोमवारी काय करणार?’ तो ‘राजीनामा देत नाही’ म्हणाला की फोन संपला. ‘साहेबांशी बोलून ठेवतो, होणारच आहे तर’ असं काही आलं, तर अजून पोचलेलं नाही. पुन्हा सांगा.

## ५. तासाभरात लेखी पाठवा

फोनवरचं बोलणं धक्क्यात ऐकलेलं असतं. घरी वडिलांना सांगताना ‘थोडं पुढे ढकललंय’ एवढंच उरतं. म्हणून लगेच मेल, आणि तोच मजकूर व्हॉट्सअॅपवर. कंपनीची भाषा इंग्रजी असली तरी मी मराठी मजकूर सोबत देते, कारण तो घरात वाचला जातो.

> नमस्कार,
> आज फोनवर बोलल्याप्रमाणे, क्वालिटी इंजिनिअर हे पद आजपासून होल्डवर आहे. कारण: कंपनीने खर्चाच्या कारणाने नवीन पदांची भरती थांबवली आहे. आपल्या मुलाखतीच्या निकालाशी याचा संबंध नाही.
> एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात फेरविचार होईल. पद पुन्हा उघडेलच असे आज सांगता येत नाही.
> आपल्याला कंपनीकडून ऑफर लेटर दिलेले नाही. कृपया या पदासाठी सध्याच्या नोकरीचा राजीनामा देऊ नये. इतर संधी जरूर घ्याव्यात.
> मी आपल्याला ६ फेब्रुवारीला आणि १० एप्रिलला फोन करेन, नवीन काही नसले तरी.

‘ऑफर लेटर दिलेले नाही’ ही ओळ कोरडी वाटते. मीही पूर्वी गाळायची. पण पगाराचा आकडा फोनवर ठरला की घरच्यांच्या लेखी नोकरी लागलेली असते, पेढे वाटून झालेले असतात. ती ओळ नसली तर मेल अर्धाच वाचला जातो.

## ६. मागची यंत्रणा बंद करा

हे त्याच दिवशी करायचं, उद्यावर टाकायचं नाही. पोर्टलवरची जाहिरात काढा. कन्सल्टन्सीला लेखी कळवा, नाहीतर ते आणखी चार माणसं पाठवत राहतील. ठरलेल्या मुलाखती रद्द करा. वैद्यकीय तपासणी, जुन्या कंपनीतली चौकशी, पगाराच्या स्लिपा मागणं, सगळं थांबवा. पद होल्डवर असताना स्लिप मागितली की उमेदवाराला वाटतं आतून काहीतरी हलतंय.

सावधान: भरतीच्या सॉफ्टवेअरमध्ये उमेदवाराची स्थिती बदलताना नीट बघा. घाईत `On Hold` ऐवजी `Rejected` निवडलं, तर अनेक ठिकाणी ‘आपली निवड झाली नाही’ असा मेल आपोआप जातो. तुम्ही सातला ‘तुमची चूक नाही’ म्हणालात आणि साडेसातला नकाराचा मेल पोचला, तर तो कोणावर विश्वास ठेवेल? आधी सेटिंगमध्ये आपोआप जाणारे मेल कोणत्या स्थितीला जोडले आहेत ते पाहा, मग बदला.

## ७. सांगितलेल्या तारखेला फोन

६ फेब्रुवारीला माझ्याकडे नवीन काहीच नव्हतं. तरी फोन केला, दोन मिनिटांचा. ‘काही बदल नाही. एप्रिलचा फेरविचार तसाच आहे. तुमचं कुठे काही?’ तो म्हणाला, नाशिकला अंबडमध्ये एक मुलाखत झालीय. मी म्हटलं, चांगलं आहे. एवढंच. ‘आमच्याकडे लवकर होईल’ असं सूचक बोलून ती मुलाखत ढिली पाडायचा मोह इथे होतो. तो फोनच्या आधीच बाजूला ठेवायचा.

तारखा दोनच द्याव्यात, फार तर तीन. त्यानंतरही पद बंदच असेल तर ‘होल्ड’ शब्द सोडून ‘सध्या हे पद नाही’ असं सांगा आणि पाठपुरावा संपवा. सहा-आठ महिने होल्डवर असलेलं पद म्हणजे रद्द झालेलंच पद असतं, फक्त कोणी तसा मेल काढलेला नसतो.

आणि पद खरंच उघडलं तर जुना आकडा, जुनी तारीख गृहीत धरून ऑफर पाठवू नका. पद तेच आहे का, कामाचं स्वरूप बदललंय का, हे विभागप्रमुखांकडून पुन्हा लिहून घ्या. उमेदवाराला ‘अजून इच्छा आहे का’ असं नव्याने विचारा. त्याला नाही म्हणायची मोकळीक ठेवा.

आमच्या उदाहरणात १० एप्रिलला मी फोन केला तेव्हा बंदी उठली होती, पण मशिनची ऑर्डर अजून गेलेली नव्हती. तो तोवर अंबडला रुजू झाला होता. चाकणपेक्षा अमळनेर जवळ पडतं, दर शनिवारी घरी येतो म्हणाला. मी त्याचं नाव यादीतून काढलं. पद जुलैत उघडलं, तेव्हा जाहिरातीपासून पुन्हा सुरुवात केली.